आईविना तीन पिल्ले : रामबागेतील एका वाड्यातले प्रकरण

इंदूरच्या रामबागेत अजून तग धरून असलेल्या एका जुन्या वाड्यात, रंगपंचमीच्या दिवशी दुपारी, जिन्याखालच्या अडगळीत मांजरीची तीन नवजात पिल्ले सापडली. चौकात सकाळपासून रंग खेळला जात होता आणि पिचकाऱ्यांचे, बादल्यांचे पाणी उतारावरून वाहत नेमके त्या अडगळीतल्या गोणपाटात मुरले होते. पिल्ले ओली होती, गुलाबी रंगाने माखलेली होती आणि त्यांतली दोन बारीक आवाजात सतत ओरडत होती. तिसरे गप्प पडले होते. त्यांची आई, वाड्यात सगळ्यांच्या ओळखीची राखाडी मांजर, आदल्या रात्री रस्त्यावर वाहनाखाली सापडली होती आणि पहाटे दूधवाल्याने ती पाहिली होती. ही खात्री नसती तर पिल्लांना लगेच उचलणे योग्य ठरले नसते, कारण मांजर पिल्लांची जागा बदलताना एकेक करून नेते आणि मधल्या वेळात उरलेली पिल्ले बेवारस वाटतात. अशा वेळी पिल्ले कोरडी, उबदार आणि पोट भरलेली असतील तर दूर थांबून काही तास आईची वाट पाहावी. येथे तो प्रश्नच नव्हता.

मी बरीच वर्षे अशी पिल्ले सांभाळते, म्हणून घरच्या सूनबाईंनी मला फोन केला. गेर या रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद होते, त्यामुळे मला पोहोचायला वेळ लागणार होता. तोवर एवढेच करा, असे मी त्यांना सांगितले : पिल्ले मऊ टॉवेलने कोरडी करा, कपड्यात गुंडाळून अंगाशी धरा आणि पोटात काहीही घालू नका. रंग धुऊन काढण्याचा मोह होतो, पण अंघोळ घालणे म्हणजे अंगात उरलेली ऊबही काढून घेणे. रंग ओलसर फडक्याने, अंग तापल्यानंतर, थोडाथोडा पुसता येतो.

मी पोहोचले तेव्हाची स्थिती अशी होती. तिघांच्याही पोटाला नाळेचा सुकलेला तुकडा चिकटलेला होता, डोळे मिटलेले होते आणि कान डोक्याला चपटे टेकलेले होते. नाळ साधारणपणे तीन ते पाच दिवसांत गळते, म्हणजे वय दोन-तीन दिवसांचे असावे. स्वयंपाकघरातल्या, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पट्ट्यापट्ट्यांचा बोका १०४ ग्रॅम भरला, पांढरी-काळी भाटी ९६ ग्रॅम आणि गप्प पडलेली काळी भाटी अवघी ७८ ग्रॅम. गुदद्वारात घालून पाहिलेल्या साध्या डिजिटल थर्मामीटरवर बोक्याचे तापमान ३५.१ अंश सेल्सिअस होते, पांढरीचे ३४.८. काळीच्या वेळी पडद्यावर आकडा आलाच नाही, फक्त Lo अशी अक्षरे आली. माणसांसाठीचे असे थर्मामीटर सहसा ३२ अंशांखाली मोजत नाहीत, त्यामुळे ही अक्षरे दिसली की पिल्लू फार गार पडले आहे, एवढे नक्की समजावे. तिच्या तोंडात करंगळीचे टोक घातले तर जीभ बोटाभोवती वळत नव्हती आणि तोंडाचा आतला भाग बोटाला गार लागत होता.

आधी ऊब, मग दूध

आजींनी तोवर गाईचे दूध कोमट करून ठेवले होते आणि माळ्यावरच्या पेटीतून चांदीचे बोंडलेही काढले होते. घरातली दोन पिढ्यांची मुले त्या बोंडल्याने वाढलेली.

“अगं, भुकेने रडतायत ती. त्या काळीच्या पोटात दोन थेंब तरी जाऊ दे, नाहीतर हातची जाईल,” त्या म्हणाल्या.

“आजी, तिला आत्ता दूध दिलं तर ते पोटात नुसतं पडून राहील. आतडं चालतच नाहीये तिचं. आधी अंग तापू द्या, मग तुम्हीच पाजा,” मी म्हणाले.

आईविना सापडलेल्या पिल्लांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, म्हणून याचे कारण नीट सांगायला हवे. पहिल्या आठवड्यात मांजरीच्या पिल्लाला थंडी वाजून कुडकुडताही येत नाही. अंगची उष्णता तयार करण्याची त्याची क्षमता फारच तोकडी असते आणि ते आईच्या व भावंडांच्या अंगावर अवलंबून असते. निरोगी अवस्थेतही पहिल्या आठवड्यात त्याचे तापमान ३५ ते ३७ अंशांच्या दरम्यानच असते. ते ३५ च्या बरेच खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. अशा पोटात गेलेले दूध पुढे सरकत नाही. ते तिथेच नासते, वायू धरतो, पोट ताठरते. त्यातच गिळण्याची प्रतिक्रियाही गार अंगात क्षीण झालेली असते, म्हणून दूध घशातून श्वासनळीत जाण्याची भीती वेगळी. पिल्लू उपाशी असूनही त्याला काही तास दूध न देणे क्रूरपणाचे वाटते, पण गार पिल्लाला भुकेपेक्षा दूधच लवकर मारते.

काळीला तापवताना घाईही करून चालत नव्हते. हेअर ड्रायरचा झोत, उघड्या बल्बखाली ठेवणे किंवा गरम पाण्यात धरणे यांमुळे कातडी एकदम तापते, कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि आतल्या अवयवांना आधीच कमी पडणारे रक्त बाहेरच्या बाजूला ओढले जाते. शिवाय इतक्या गारठलेल्या पिल्लाला भाजत असले तरी बाजूला सरकता येत नाही. म्हणून सूनबाईंनी तिला पातळ सुती कापडात घेऊन ब्लाउजच्या आत, छातीशी धरले, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी कूस बदलली. हिरड्यांवर मी ग्लुकोज पावडरच्या गोड पाण्याचा एकेक थेंब बोटाने चोळत होते. हा थेंब गिळण्यासाठी नसून हिरड्यांवर लावण्यापुरताच असतो. तासाभराने पडद्यावर आकडा दिसू लागला, आणि ३५.५ अंश व्हायला एकंदर अडीच तासांहून अधिक वेळ गेला. त्याच सुमारास तिने पहिल्यांदा तोंड हलवून आवाज केला, आणि करंगळीभोवती जीभ खोलगट वळली. दूध द्यायचे की नाही हे ठरवताना मी आकड्याइतकाच या जिभेवर विश्वास ठेवते.

या वेळेत खोके तयार झाले. बुटांच्या नव्हे, जरा मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या एका अर्ध्या भागात गरम पाण्याची रबरी पिशवी, तिच्यावर दुहेरी टॉवेल आणि वर जुन्या सुती धोतराचा थर अशी रचना केली. दुसरा अर्धा भाग मुद्दाम विनाऊब ठेवला, म्हणजे उकडले तर पिल्ले रांगत तिकडे सरकू शकतील. पिल्लांच्या पातळीवर खोलीचा साधा थर्मामीटर ठेवून पहिल्या आठवड्यासाठी ३० ते ३२ अंश राखायचे ठरले. मार्चमधली इंदूरची हवा कोरडी असते, म्हणून खोक्याशेजारी पाण्याचे पसरट भांडे ठेवले आणि त्या खोलीतला पंखा बंद केला. पिल्लांच्या पसरण्यावरूनही अंदाज येतो : एकमेकांवर ढीग करून ती ओरडत असतील तर गार वाटते आहे; लांबलांब पडून, तोंड उघडे ठेवून धापा टाकत असतील तर उकडते आहे; अंगाला अंग लावून झोपेत अधूनमधून झटके देत असतील तर सारे ठीक आहे.

दूध कोणते, किती आणि कसे

दूध पाजायला दुसरी व्यालेली मांजर मिळाली असती तर तिच्याइतकी उत्तम सोय नव्हती, पण ओळखीत चौकशी करूनही ती मिळाली नाही. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर संध्याकाळी एक दुकान उघडल्यावर हाती आली. मधल्या काळात बोका आणि पांढरी यांचे अंग तापल्यावर त्यांना एकदा शेळीचे उकळून कोमट केलेले दूध दिले. शेळीच्या दुधाविषयी आपल्याकडे फार श्रद्धा आहे. ते गाईच्या दुधापेक्षा पचायला थोडे हलके असेलही, पण मांजरीच्या दुधात प्रथिने या दोन्हींच्या दुपटीहून अधिक असतात आणि स्निग्धांशही जास्त असतो. म्हणून एखाद-दोन वेळची गरज भागवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. त्यावर आठवडाभर ठेवलेली पिल्ले जगली तरी हडकुळी राहतात, आणि गाईच्या दुधावर बहुतेकांना जुलाब होतात. दुपारी गाईच्या दुधाचे चार थेंब मिळालेल्या बोक्यालाही त्या रात्री पातळ शी झालीच.

प्रमाण ठरवताना पिल्लाच्या रडण्याकडे न पाहता वजनाकडे पाहायचे. या वयात पोटात एका वेळी दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिलिलिटर दूध मावते, आणि दिवसभराची गरज दर १०० ग्रॅममागे सुमारे २० ते २५ मिलिलिटर असते. म्हणजे बोक्याला एका वेळी ४ मिलि, पांढरीला त्याहून किंचित कमी आणि काळीला ३ मिलि, असा हिशेब निघाला. काळीची सुरुवात मात्र २ मिलिपासून आणि दर दोन तासांनी केली, कारण एवढा वेळ थांबलेले आतडे लगेच पूर्ण काम करील असे गृहीत धरता येत नाही. इतर दोघांना दिवसा दर अडीच-तीन तासांनी आणि रात्रीही तीन तासांहून जास्त खंड न पाडता पाजायचे होते. पावडर व पाणी यांचे प्रमाण डब्यावर लिहिलेलेच ठेवले. “जरा घट्ट केलं तर अंग धरतील लवकर,” असे आजी म्हणाल्या, पण घट्ट दुधाने शी अडते आणि पातळ दुधाने पोट भरूनही पिल्लू उपाशी राहते. कालवलेले दूध फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत संपवायचे, लागेल तेवढेच वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात धरून कोमट करायचे, आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहायचा : तो गरमही लागू नये आणि गारही.

चांदीचे बोंडले बाजूला ठेवावे लागले, कारण बोंडल्यातून दूध ओतले जाते आणि पिल्लाने ते ओढून घ्यायला हवे असते. बाटलीसोबत आलेल्या निपलला छिद्रच नव्हते. अनेकदा ती तशीच येते. तापवलेल्या सुईने ते पाडले आणि बाटली उलटी धरून पाहिली : थेंब टोकाशी लोंबकळून मग सावकाश गळला पाहिजे. धार लागली तर छिद्र मोठे झाले असे समजून ते निपल टाकून द्यावे. काळीसाठी बाटलीचे निपल मोठे होते, म्हणून बिनसुईच्या एक मिलिच्या सिरिंजला बारीक निपल लावून तिला दिले. सिरिंजचा धोका असा की हाताला दट्ट्या दाबायची सवय असते. पिल्लू चोखते आहे तेवढाच तो पुढे सरकू द्यायचा असतो.

घरातला कॉलेजात जाणारा नातू रात्रीच्या पाळीला होता. पहिल्या वेळी त्याने पिल्लू तान्ह्या बाळासारखे पाठीवर घेतले आणि ते दुरुस्त करावे लागले. पिल्लू पोटावरच हवे, पुढचे पाय टॉवेलवर टेकलेले, मान किंचित वर, जसे ते आईपाशी पडून पिते तसे. पाठीवर पाजलेले दूध फुप्फुसात जाण्याची शक्यता फार वाढते. पिताना नाकातून दुधाचा बुडबुडा आला, तर लगेच निपल काढून पिल्लाचे तोंड खाली करावे, नाक पुसावे आणि ती पाळी तिथेच सोडून द्यावी. नंतरच्या दोन दिवसांत श्वास जलद होणे, छातीत खरखर किंवा दूध नाकारणे दिसले तर ते डॉक्टरांकडे न्यायचे लक्षण. या घरात तशी वेळ आली नाही.

ओले फडके आणि त्यावर जे दिसते ते

दूध पाजण्याइतकेच आवश्यक असलेले दुसरे काम लोकांना सहसा माहीत नसते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई गुदद्वार व मूत्रद्वाराची जागा चाटते, त्या स्पर्शानेच ते मोकळे होते. आई नसेल आणि कोणी ते केले नाही, तर मूत्राशय तुंबते आणि पिल्लू भरल्या पोटी तळमळत राहते.

सूनबाईंना मी हे शेजारी बसून दाखवले. कापसाचे तंतू अंगाला चिकटतात, म्हणून जुन्या धोतराचा बोटभर रुंद तुकडा कोमट पाण्यात बुडवून चांगला पिळायचा. पिल्लू डाव्या तळहातावर पोटावर घेऊन शेपटी अंगठ्याने हलकेच वर करायची आणि ओले फडके त्या जागेवरून जिभेच्या वेगाने, हळू व एकसारखे फिरवायचे, घासायचे नाही. शू सहसा अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होते. फडके गरम आणि पिवळसर होत जाते. ती सुरू झाली म्हणून थांबायचे नाही, पुरती थांबेपर्यंत चालू ठेवायचे, नाहीतर प्रत्येक वेळी थोडी मागे राहते. शीला जरा जास्त वेळ लागतो. पिल्लू अंग ताणते, शेपटीचे टोक थरथरते, तेव्हा फडके गुदद्वारापाशीच फिरवत राहावे. नंतर कोरड्या फडक्याने टिपून घेणे विसरू नये, कारण ओली शेपटी खोक्यातली सगळी ऊब व्यर्थ करते आणि कातडीही सोलवटते. आम्ही प्रत्येक पाजण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे करत होतो. आधी केल्यास रिकाम्या मूत्राशयाने पिल्लू स्वस्थ पिते, आणि शी बहुधा पोट भरल्यानंतर होते.

फडक्यावर जे दिसते ते वहीत लिहायचे. शू फिकट, जवळजवळ पाण्यासारखी असावी. गडद पिवळी झाली तर अंगात पाणी कमी पडते आहे. शी मोहरीच्या पिवळ्या रंगाची, टूथपेस्टइतकी मऊ आणि आकार धरणारी असावी, दिवसातून एकदा ते तीन-चारदा.

पांढरीने पावडरचे दूध सुरू केल्यावर दीड दिवस शी केली नाही आणि घरात धावपळ सुरू झाली. आजींनी एरंडेल सुचवले. पण तिचे पोट मऊ होते, शू फिकट येत होती, ती उत्साहाने पीत होती आणि सकाळच्या काट्यावर ११ ग्रॅम वाढलेली होती. दूध बदलल्यावर एक-दोन दिवस शी न होणे हे या सगळ्या खुणा चांगल्या असताना घाबरण्यासारखे नसते, आणि एरंडेल किंवा कुठलेही रेचक एवढ्या जिवाला मुळीच द्यायचे नसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळ्या शीची बोटाच्या पेराएवढी वळी फडक्यावर आली.

वजन चांगले, तरी पोट बिघडलेले

रोज सकाळी, पहिल्या पाजण्याच्या आधी आणि शू झाल्यावर, तिन्ही पिल्ले वजन करून वहीत नोंदली जात. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हा ठोकताळा. बोक्याचे वजन १०४ वरून १२१ आणि मग १३९ झाले. वाढीचा हा आकडा पाहून नातू खूश होता आणि रात्री बोका ओरडला की एक मिलि, कधी दोन मिलि जास्त देत होता. चौथ्या दिवशी त्याची शी आधी हिरवट व सैल झाली, मग राखाडी-पांढरट, फुटलेल्या दुधासारखी गाठीगाठींची येऊ लागली. पोट हाताला ढोलासारखे ताठ लागत होते.

याचा अर्थ दूध न पचताच पुढे ढकलले जात होते. पित्ताला अन्नात मिसळायला पुरेसा वेळ मिळाला की शी पिवळी होते. हिरवी म्हणजे अन्न फार भरभर गेले आणि पांढरट म्हणजे पचनच मागे पडले. अशा वेळी लोक दूध एकदम बंद करतात, तेही बरोबर नाही. डॉक्टरांशी फोनवर बोलून एका वेळचे दूध ३ मिलिपर्यंत खाली आणले, ते दिवसभर थोडे पातळ केले आणि पाळ्यांची संख्या वाढवली, म्हणजे दिवसाचा एकूण आहार फार घटला नाही पण एका वेळचा भार कमी झाला. त्या दिवशी त्याचे वजन फक्त ३ ग्रॅम वाढले. दुसऱ्या रात्रीपर्यंत शी पुन्हा पिवळट झाली आणि पोट सैल पडले. मग प्रमाण हळूहळू मूळ ठिकाणी आणले. वजन हा सर्वांत भरवशाचा आकडा आहे हे खरे, पण तो एकटाच पाहिला तर भरलेले पोट आणि वाढलेले अंग यांत फरक करत नाही; त्याच्याशेजारी फडक्यावरची नोंद हवीच. पिल्लू दूध पिऊनही ओरडत असेल तर आधी पाहावे ते खोके, मग शू झाली की नाही, आणि भूक सर्वांत शेवटी.

खोक्याचेच कारण आणखी एकदा निघाले. पहाटेच्या पाळीला तिघेही ढीग करून ओरडत असत. नातवाने भूक समजून पाजले, पण थर्मामीटरवर पाहिले तेव्हा खोक्यात २५ अंश होते. रात्री अकराला भरलेली पिशवी तीनच्या सुमारास गार पडते आणि गार पडलेली पिशवी नुसती निरुपयोगी राहत नाही, तर अंगाखाली असल्यामुळे पिल्लांची ऊब उलट ओढून घेते. तेव्हापासून दोन पिशव्या ठेवल्या आणि प्रत्येक पाजण्याच्या वेळी, दुधाआधी, पिशवी बदलायची असे ठरले. विजेची गादी मिळाली असती, पण तिला स्वतःहून बंद होण्याची सोय आहे की नाही आणि तार पिल्लांपासून दूर राहते की नाही हे पाहिल्याशिवाय मी ती कोणाच्या खोक्यात घालत नाही.

काळी भाटी

काळी पहिल्या रात्रीनंतर चांगली सावरली. ७८ चे ७९, मग ८६ आणि ९५ झाले; तिची नाळही बाकीच्यांबरोबरच गळली. सहाव्या दिवशी सकाळी ती ९५ वरच थांबलेली होती आणि तिने निपल तोंडात धरून सोडून दिले. खोक्यात ३१ अंश होते, इतर दोघांचे अंग उबदार होते, पण तिचे तापमान ३४.३ निघाले. हा फरक महत्त्वाचा आहे. गार खोक्यातले पिल्लू गार पडले तर त्याला ऊब हवी असते; ऊबदार खोक्यात, भावंडांच्या मध्ये पडूनही जे गार पडते, ते आजारी असते, आणि तिथे घरगुती उपायांची हद्द संपते.

तिला तासाभरात डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कातडीखाली कोमट सलाइन दिले, रक्तातली साखर पाहून ग्लुकोज दिले आणि जंतुसंसर्ग गृहीत धरून औषध सुरू केले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. जन्मल्यानंतरच्या पहिल्या साधारण दिवसभरातच पिल्लाचे आतडे आईच्या पहिल्या दुधातली रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेऊ शकते. तिला ते दूध पुरेसे मिळाले होते का, मुळातच तिच्यात काही दोष होता का, की त्या दुपारच्या गारठ्याचा परिणाम आतून राहिला होता, हे शवविच्छेदन न करता सांगता येत नाही आणि डॉक्टरांनीही सांगितले नाही. आजी दोन दिवस खोक्याच्या खोलीत आल्या नाहीत.

राहिलेली दोन

भावंड कमी झाल्यावर एक नवी अडचण उभी राहिली. आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास, डोळ्यांच्या फटी उघडू लागल्या असतानाच, शू करवताना सूनबाईंना बोक्याची मूत्राची जागा लाल आणि सुजलेली दिसली, आणि एरवी अर्ध्या मिनिटात होणारी शू थेंबथेंब येऊ लागली. आई नसलेली पिल्ले दुधाची आस भागवण्यासाठी एकमेकांना चोखतात आणि बहुतेक वेळा ती जागा नराची असते. सूज वाढली तर मूत्रमार्ग बंद होऊन पिल्लू दगावू शकते. डॉक्टरांनी तपासून मलम दिले, आणि खोक्याच्या मध्ये जाळीदार कापडाची भिंत घातली, म्हणजे अंगाची ऊब व वास पलीकडे पोहोचे पण तोंड पोहोचत नसे. पांढरीच्या बाजूला लोकरी टोपीची गुंडाळी ठेवली, तिच्यात ती तोंड खुपसून झोपू लागली. तीन दिवसांत बोक्याची शू पूर्ववत झाली, तरी भिंत पुढे बरेच दिवस ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात खोक्याची ऊब २७ ते २९ अंशांवर आणली आणि पाजण्याचे अंतर चार तासांपर्यंत वाढवले. घरातल्यांना पहिल्यांदा सलग झोप मिळाली. जंताचे औषध डॉक्टरांनी वजन पाहून दिले. तिसऱ्या आठवड्यात पिशवी फक्त रात्री लागत होती, कारण इंदूरचा उन्हाळा तोवर सुरू झाला होता आणि दुपारी उलट खिडकीवर पडदा ओढावा लागत होता.

फडके केव्हा थांबवायचे हा शेवटचा प्रश्न वयावरून सुटला नाही. सुमारे तीन आठवड्यांनंतर पांढरीच्या अंथरुणावर ओला डाग दिसला, म्हणून एका बुटक्या ट्रेमध्ये फाडलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या पसरून ती तिच्या बाजूला ठेवली. ओले झाल्यावर गोळा बांधणारी माती या वयात वापरू नये, कारण पिल्ले ती चाटतात आणि ती पोटात फुगते. पांढरीचे वापरलेले फडके एकदा त्या पट्ट्यांवर पुसून ठेवले आणि दूध पाजल्यावर तिला ट्रेमध्ये उभे केले. शू लगेच जमली. शीसाठी मात्र तिला आणखी काही दिवस फडके लागत होते, आणि बोक्याला दोन्हींसाठी. शू आपणहून होते म्हणून शीचे फडके बंद करणारी घरे मी पाहिली आहेत आणि तिथे पिल्लाचे पोट अडते. म्हणून सूनबाईंनी वहीत दोन वेगळे रकाने आखले, आणि ट्रेमध्ये आपणहून केलेली शी दोन दिवस लागोपाठ दिसल्यावरच त्या पिल्लाचे फडके थांबवले. बोक्याच्या रकान्यात ती खूण यायला चौथा आठवडा संपत आला होता. तोवर तो बशीतले पातळ केलेले मांजरांचे ओले खाद्य चाटू लागला होता.